नाव आणि पत्ता बदलला, जीएसटी क्रमांक तोच: सप्लायरला लिहायच्या एका पत्राचे प्रकरण

पुण्याची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. तिचे जुने नाव ‘अबक टूल्स’ आणि नवे ‘कखग इंजिनिअरिंग’ असे धरू. दोन्ही नावे आणि पुढे येणारे क्रमांक नमुन्यादाखल आहेत. नाव बदलल्याचे नवे प्रमाणपत्र कंपनी रजिस्ट्रारकडून 12 मे रोजी मिळाले. त्याच सुमारास नोंदणीकृत कार्यालय भोसरी एमआयडीसीतून चाकण एमआयडीसीतल्या महाळुंग्याच्या प्लांटमध्ये हलले. भोसरीची जागा मात्र सोडलेली नाही. स्टोअर आणि पॅकिंग अजून तिथेच चालते, त्यामुळे जीएसटी नोंदणीत ती आता व्यवसायाची अतिरिक्त जागा झाली आहे.

कंपनीला पुठ्ठ्याचे खोके पुरवणारा सप्लायर टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बिले काढतो. त्याची उलाढाल 5 कोटींच्या वर असल्याने त्याला ई-इन्व्हॉइस, म्हणजे नोंदणीकृत खरेदीदाराचे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे, बंधनकारक आहे. हे प्रकरण त्याच्या बिलांचे आहे.

पहिले पत्र 16 मे रोजी गेले. त्यात तीनच ओळी होत्या: आमचे नाव बदलले आहे, पत्ता वरीलप्रमाणे आहे, कृपया आपल्या रेकॉर्डमध्ये नोंद घ्यावी. अशी पत्रे सर्रास जातात आणि त्यांचे काय होते ते इथे नीट दिसते. सप्लायरच्या अकाउंटंटने जीएसटी पोर्टलवर जुना क्रमांक टाकून पाहिला, तर तिथे ‘अबक टूल्स’ आणि भोसरीचाच पत्ता. कारण कंपनीचा दुरुस्तीचा अर्ज अजून गेलेलाच नव्हता. नाव नवे म्हणजे पार्टी नवी, असा हिशेब करून त्याने दुसरे लेजर उघडले आणि नवा नंबर कळेल तेव्हा भरू म्हणून जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी क्रमांक, रिकामा ठेवला. लेजर ‘अनरजिस्टर्ड’ म्हणून बसले. 28 मेचे बिल त्या लेजरवर निघाले आणि माल महाळुंग्याला गेला, कारण पत्रात पत्ता तेवढा एकच होता. खोके उतरवून घ्यायला तिथे कोणी नव्हते. गाडी तशीच भोसरीला वळवावी लागली.

या चुकीची खूण बिलावरच होती. ई-इन्व्हॉइस काढणाऱ्या सप्लायरचे बिल आणि त्यावर आयआरएन, म्हणजे पोर्टलने त्या बिलाला दिलेला क्रमांक, नाही, क्यूआर कोड नाही. खरेदीदाराचा जीएसटीआयएन नसेल तर सॉफ्टवेअर ते बिल बिगर-नोंदणीकृत ग्राहकाचे धरते आणि आयआरएन मागतच नाही. असे बिल सप्लायरच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-1 मध्ये, ग्राहकविक्रीच्या एकूण रकमेत जाते, कंपनीला मिळणाऱ्या क्रेडिटच्या विवरणात, म्हणजे जीएसटीआर-2बी मध्ये, उमटत नाही आणि इनपुट क्रेडिट अडकते. इथे ते महिनाअखेरीस लक्षात आले. मेचे रिटर्न 11 जूनपर्यंत भरायचे असल्याने सप्लायरला वेळ होता. त्याने क्रेडिट नोट काढून ते बिल उलटवले आणि जुन्याच लेजरवर जीएसटीआयएनसह नवे इन्व्हॉइस दिले.

चूक सप्लायरची दिसते, पण मुळात पत्रच अपुरे होते. काय बदलले ते त्यात होते. काय बदललेले नाही, हे कुठेच नव्हते. नाव बदलल्यावर समोरच्याला पहिली शंका कर क्रमांकाचीच येते, आणि ती रास्त आहे. जीएसटीआयएनची अक्षरे पाहा:

```
27 AAACA0000X 1 Z N
```

पहिले दोन अंक राज्याचे, 27 म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. मग त्या पॅनवर त्याच राज्यातली कितवी नोंदणी ते सांगणारा अंक, त्यानंतर Z आणि शेवटी पडताळणीचे अक्षर. म्हणजे पॅन तोच आणि राज्य तेच असेल तर नाव-पत्त्याच्या बदलाने यातले एकही अक्षर हलत नाही. गंमत पॅनच्या पाचव्या अक्षरात आहे. चौथे अक्षर C हे कंपनीचे आणि पाचवे नावाच्या आद्याक्षराचे, इथे ‘अबक’चे A. नवे नाव K ने सुरू होते, पण पॅन दिला तेव्हाचा A तसाच राहतो. हे जुळत नाही म्हणून क्रमांक चुकीचा आहे, असे सांगणारा अकाउंटंट हमखास भेटतो. टॅन या टीडीएसच्या क्रमांकाच्या चौथ्या अक्षराचेही असेच. पत्रात याचे एक वाक्य घातले की पुढचे चार फोन वाचतात.

मात्र हे सगळे खरे ठरते ते कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती तीच असेल तेव्हाच. भागीदारी फर्मचे एलएलपीत किंवा कंपनीत रूपांतर झाले तर पॅन नवा, म्हणून जीएसटीआयएनही नवा. मुख्यालय पुण्याहून पणजीला नेले तर पॅन तोच राहील, पण गोव्याची नोंदणी 30 ने सुरू होणारी वेगळी असेल. अशा वेळी ‘क्रमांक तेच आहेत’ म्हणणारे पत्र चुकीचे ठरते. प्रायव्हेटची पब्लिक लिमिटेड झाली तर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, बदलतो, पॅन आणि जीएसटीआयएन बदलत नाहीत. खरेदीदाराचा सीआयएन सप्लायरच्या बिलावर लागतच नाही, त्यामुळे पत्रात त्याचा घोळ घालू नये.

दुसरे पत्र पाठवण्याआधी कंपनीने क्रम सुधारला. आधी पॅनच्या नोंदीत नाव बदलले, कारण जीएसटी पोर्टल कायदेशीर नाव पॅनशी ताडून पाहते. मग नाव आणि मुख्य जागा या दोन्हींसाठी आरईजी-14 हा दुरुस्तीचा अर्ज 26 मे रोजी भरला. बदल झाल्यापासून 15 दिवसांत हा अर्ज करायचा असतो, म्हणजे पॅनचे काम रेंगाळले की ही मुदत हातची जाते. दोन्ही बाबी अधिकाऱ्याच्या मंजुरीच्या असल्याने 15 कामकाजाचे दिवस धरावे लागतात. इथे मंजुरी 12 जूनला आली. नियमाप्रमाणे दुरुस्ती बदल घडल्याच्या तारखेपासून लागू होते, तरी सप्लायरला पत्र पाठवायचे ते पोर्टलवर नवे नाव दिसू लागल्यावरच. तो पडताळणी तिथेच करणार.

बिलांसाठी तारीख ठरवली 1 जुलै. प्रमाणपत्राची 12 मे ही तारीखही देता आली असती, पण मग मधल्या दीड महिन्याच्या बिलांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. महिन्याची पहिली तारीख घेतली की एका रिटर्नमध्ये एकच नाव राहते आणि सप्लायरला मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली पार्टीची मूळ नोंद, बदलायला पंधरवडा मिळतो. 16 जूनला गेलेले पत्र असे:

> प्रति,
> अकाउंट्स विभाग (प्रत: डिस्पॅच विभाग)
>
> दिनांक: 16 जून
>
> विषय: 1 जुलैपासूनच्या इन्व्हॉइसवर आमचे नाव व बिलिंगचा पत्ता बदलणेबाबत. जीएसटीआयएन व पॅन पूर्वीचेच.
>
> संदर्भ: आमचे 16 मेचे पत्र. हे पत्र त्याऐवजी ग्राह्य धरावे.
>
> महोदय,
>
> स.न.वि.वि.
>
> आमच्या कंपनीचे नाव 12 मेपासून बदलले असून नोंदणीकृत कार्यालय चाकण येथे हलले आहे. कंपनी तीच आहे. केवळ नाव व कार्यालयाची जागा बदलली आहे. जीएसटी पोर्टलवर दोन्ही दुरुस्त्या 12 जून रोजी मंजूर झाल्या आहेत.
>
> 1 जुलै किंवा त्यानंतरच्या तारखेच्या प्रत्येक इन्व्हॉइसवर, क्रेडिट नोटवर, डेबिट नोटवर आणि डिलिव्हरी चलनावर सोबतच्या चौकटीतील मजकूर जसाच्या तसा घ्यावा.
>
> जीएसटीआयएन 27AAACA0000X1ZN व पॅन AAACA0000X यांत कोणताही बदल नाही. पॅनचे पाचवे अक्षर जुन्या नावाचे आद्याक्षर आहे. नाव बदलल्यावरही ते तसेच राहते.
>
> माल पूर्वीप्रमाणे भोसरी येथेच उतरवावा. माल पोहोचवण्याचा पत्ता बदललेला नाही. तिथे फक्त कंपनीचे नाव नवे लिहावे.
>
> आपल्याकडे आमचे नवे खाते उघडू नये. जुन्याच खात्याचे नाव बदलावे, म्हणजे येणे बाकी, उधारीची मुदत व टीडीएसच्या नोंदी सलग राहतील. 30 जूनपर्यंतची जुन्या नावाची इन्व्हॉइसे आम्हाला मान्य आहेत. ती रद्द करू नयेत किंवा पुन्हा काढू नयेत. जुन्या नावाने दिलेल्या व अद्याप पूर्ण न झालेल्या परचेस ऑर्डर त्याच क्रमांकाने चालू राहतील.
>
> आमच्याकडून येणारे पेमेंट त्याच बँक खात्यातून, नव्या नावाने दिसेल.
>
> बदल केल्यावर प्रत्यक्ष बिल काढण्यापूर्वी एक नमुना प्रिंट 25 जूनपर्यंत ईमेलने पाठवावी, ही विनंती.
>
> कळावे,
>
> आपला विश्वासू,
> अधिकृत स्वाक्षरीकर्ता
>
> सोबत: नाव बदलल्याचे प्रमाणपत्र, दुरुस्त जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, पॅनची प्रत.

पत्र मराठीत असले तरी टेम्प्लेटमध्ये भरायचा मजकूर रोमन लिपीत आणि कॉपी करता येईल असा हवा. स्कॅन केलेल्या पीडीएफवरून हाताने टाइप केले की ENGINEERING चे स्पेलिंग एका तरी बिलावर बिघडते. म्हणून ही चौकट ईमेलच्या मजकुरातही दिली:

```
BILL TO
KAKHAGA ENGINEERING PRIVATE LIMITED
Plot No. 00, MIDC Chakan, Mahalunge (Ingale)
Tal. Khed, Dist. Pune 410501, Maharashtra (27)
GSTIN 27AAACA0000X1ZN

SHIP TO
KAKHAGA ENGINEERING PRIVATE LIMITED
Plot No. 00, MIDC Bhosari, Pune 411026
Maharashtra (27)
GSTIN 27AAACA0000X1ZN
```

‘महाळुंगे’पुढे ‘इंगळे’ आणि ‘तालुका खेड’ हे शब्द शोभेचे नाहीत. पुण्यात बालेवाडीजवळ दुसरे महाळुंगे आहे. पिनकोड चुकला की कुरियर तिकडे जाते, आणि ई-वे बिलाचे अंतर पिनकोडवरूनच काढले जात असल्याने मालाच्या बाबतीतही घोटाळा होतो.

पत्ता लिहिताना कंपन्या आणखी एक गफलत करतात. नोंदणीकृत कार्यालय, जीएसटीतली मुख्य जागा आणि माल उतरवायची जागा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे पहिल्या दोन योगायोगाने एकच झाल्या. त्या वेगळ्या असत्या तर बिलिंगला जीएसटी प्रमाणपत्रावरचा पत्ता द्यायचा, लेटरहेडवरचा नाही. माल उतरवायची जागाही त्याच प्रमाणपत्रात अतिरिक्त जागा म्हणून असली पाहिजे.

आता सप्लायरच्या टेबलावर काय घडते ते पाहू. टॅलीत लेजरचे नाव वेगळे आणि त्याखालचे ‘मेलिंग नेम’ वेगळे. बिलावर छापले जाते ते मेलिंग नेम. फक्त वरचे नाव बदलले तर यादीत नवे नाव दिसते, काम झाल्यासारखे वाटते आणि बिल जुन्याच नावाने निघते. दोन्ही बदलावीत आणि जुने नाव ‘एलियास’ म्हणून ठेवावे, म्हणजे सवयीने जुने नाव टाइप केले तरी तेच खाते समोर येते. दुसरी फट जुन्या व्हाउचरची नक्कल करण्यात आहे. दर आठवड्याला तोच माल जात असेल तर ऑपरेटर मागचे बिल डुप्लिकेट करून तारीख आणि नग बदलतो. पार्टीचा पत्ता त्या व्हाउचरसोबत येतो, मास्टरमधून नाही. म्हणून 1 जुलैनंतरचे पहिले बिल नव्याने, पार्टी निवडूनच काढायचे आणि पुढच्या नकला त्याच्यावरून करायच्या.

ई-इन्व्हॉइससाठी वेगळे सॉफ्टवेअर असेल तर त्यात ग्राहकांचा स्वतःचा मास्टर असतो. टॅली सुधारली आणि तो राहिला, तर छापील बिलावर एक नाव आणि आयआरएन पोर्टलवर गेलेल्या नोंदीत दुसरे. तिथे जायला हवे ते असे:

```json
"BuyerDtls": {
  "Gstin": "27AAACA0000X1ZN",
  "LglNm": "KAKHAGA ENGINEERING PRIVATE LIMITED",
  "Pos": "27",
  "Addr1": "Plot No. 00, MIDC Chakan",
  "Addr2": "Mahalunge (Ingale), Tal. Khed",
  "Loc": "Pune",
  "Pin": 410501,
  "Stcd": "27"
}
```

`LglNm` या कायदेशीर नावाच्या रकान्यात ‘Formerly known as’ घालू नये. हा शब्दप्रयोग सप्लायर लेटरहेडवरून उचलतो. कंपनी कायद्याच्या कलम 12 नुसार गेल्या दोन वर्षांत नाव बदललेल्या कंपनीला स्वतःच्या पत्रांवर आणि बिलांवर जुने नावही छापावे लागते. ते बंधन त्या कंपनीवर आहे. तिला माल विकणाऱ्याच्या बिलावर नाही.

आयआरएन निघाल्यावर बिलात खाडाखोड करता येत नाही. 24 तासांच्या आत ते पोर्टलवर रद्द करता येते, पण तोच बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. नमुना प्रिंट आधी मागवण्यामागचे कारण हेच. ती आली 22 जूनला. बिलिंगचा भाग बिनचूक होता, मात्र माल पोहोचवण्याच्या चौकटीत ‘अबक टूल्स, भोसरी’ तसेच राहिले होते. पत्ता बदलायचा नाही म्हटल्यावर त्या चौकटीला कोणी हातच लावला नाही. नाव बदलते पण पत्ता बदलत नाही, हे इथे सर्वांत जास्त निसटते. ईमेलला उत्तर देऊन ती ओळ दुरुस्त करून घेतली.

एवढी काळजी घेऊनही एखादे बिल जुन्या नावाने आलेच तर? प्रत्येक वेळी क्रेडिट नोट मागण्याची गरज नसते. केंद्रीय जीएसटी नियम 46 प्रमाणे इन्व्हॉइसवर खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि जीएसटीआयएन हवा, हे खरे. पण नियम 36(2) च्या परंतुकानुसार कराची रक्कम, मालाचे वर्णन, एकूण किंमत, दोघांचे जीएसटीआयएन आणि आंतरराज्य पुरवठा असेल तर पुरवठ्याचे ठिकाण, एवढे असले तर क्रेडिट घेता येते. म्हणजे नाव जुने आणि क्रमांक बरोबर, हे बिल चालवून घेण्याजोगे आहे; सोबत प्रमाणपत्राची प्रत आणि हे पत्र फायलीला लावावे. नाव नवेकोरे आणि क्रमांकात एक अक्षर चुकले, हे बिल मात्र ताबडतोब परत करावे. व्यवहारात उलटे घडते. स्टोअरवाले नाव जुने म्हणून बिल परत पाठवतात आणि क्रमांक कोणी वाचतच नाही. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर नावासाठी बिल अडवून 45 दिवसांची पेमेंटची मुदत ओलांडणे खरेदीदारालाच महागात जाते.

30 जूनपर्यंतच्या बिलांच्या प्रती सप्लायरने मास्टर बदलण्याआधी पीडीएफ करून ठेवाव्यात. काही सॉफ्टवेअरमध्ये मास्टर बदलल्यावर जुने बिल पुन्हा छापले की त्यावर नवे नाव येते. एकाच बिलाच्या दोन नावांच्या दोन प्रती ऑडिटमध्ये निघाल्या की उत्तरे देत बसावे लागते. क्यूआर कोड स्कॅन करून हा फरक कळत नाही, कारण त्यात दोघांचे जीएसटीआयएन, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि आयआरएन असतो, खरेदीदाराचे नाव नसते. जूनच्या बिलातला माल जुलैत परत गेला तर क्रेडिट नोट नव्या नावाने निघेल, पण तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख जशीच्या तशी राहील.

सप्लायरच्या बाजूने पाहिले तर असे पत्र आले म्हणून लगेच मास्टर बदलू नये. पोर्टलवरच्या ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये जीएसटीआयएन टाकावा, कायदेशीर नाव आणि मुख्य जागा पत्राशी अक्षरशः जुळली पाहिजे. फोन करायचा तो आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, पत्रावर छापलेल्या नव्या नंबरवर नाही. ‘प्रायव्हेट लिमिटेड’चे ‘Pvt. Ltd.’ असे लघुरूप बिलावर कर अधिकाऱ्याला खटकत नाही, पण खरेदीदाराची संगणक प्रणाली नाव अक्षरशः ताडून पाहत असेल तर तिथे बिल अडकते. म्हणून पोर्टलवर आहे तसेच पूर्ण लिहावे.

या प्रकरणात एक गोष्ट पत्राबाहेर ठेवली, ती मुद्दाम. खोक्यांवर कंपनीचे जुने नाव छापले जाते आणि छपाईचा ब्लॉक सप्लायरकडे असतो. छापून तयार असलेले खोके किती, ते कोणाच्या खर्चाने संपवायचे आणि नवा ब्लॉक कधी, हा खरेदी विभागाचा विषय. त्यात दराची बोलणी आहेत. तो अकाउंट्सच्या पत्रात घातला असता तर खोक्यांचा निर्णय होईपर्यंत बिलाचे टेम्प्लेटही कोणी बदलले नसते. त्यासाठी स्वतंत्र पत्र गेले.

1 जुलैनंतरची पहिली तीन बिले कंपनीने ओळीने तपासली. जुलैचे रिटर्न सप्लायरने 11 ऑगस्टपर्यंत भरल्यावर 14 ऑगस्टच्या जीएसटीआर-2बी मध्ये तिन्ही त्याच जीएसटीआयएनवर आली. सप्लायरकडच्या खातेउताऱ्यात मेमध्ये उघडलेले दुसरे लेजर मात्र अजून दिसत होते. त्यावरचे बिल आणि क्रेडिट नोट एकमेकांत वळती झाल्याने शिल्लक शून्य होती, पण जीएसटीआयएन नसलेल्या त्या लेजरवर चुकून पुन्हा बिल पडू शकले असते. व्यवहार झालेले लेजर टॅलीत काढून टाकता येत नाही, म्हणून त्याच्या नावापुढे DO NOT USE असे लिहून घेतले.